हजेरी जागेची

सर फार चांगले होते, असं आमच्या बॅचचा प्रत्येक जण म्हणतो. मी म्हणत नाही. खत-बियाण्याच्या धंद्यात मी शून्यातून वर आलो. कंपनीच्या माणसाला, वाहतूकवाल्याला, हमालाला आणि वेळ पडली तर सख्ख्या मेव्हण्याला मी भावात वाकवलेलं आहे. पण या एका माणसानं मला, मी त्यांच्या समोर बसलेलो असताना, शर्टाच्या खिशात पेन आणि पुढ्यात वही असताना, गैरहजर ठरवलं. एकदा नाही. महिनोन्‌महिने. त्यांना चांगलं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता कोर्स कशाचा, ते सांगतो. शेतीची पदवी नसलेल्या कृषी केंद्रवाल्यांना वर्षभराचा अभ्यासक्रम करावा लागतो. दर रविवारी दिवसभर वर्ग, शेवटी परीक्षा. प्रमाणपत्र नाही तर परवान्याचं नूतनीकरण नाही, आणि परवाना नाही तर ऐन पेरणीत दुकानाचं शटर खाली. माझं दुकान कारंजा लाडपासून थोडं आत, एका खेड्यात आहे. तेव्हा तिथं चार खोल्यांचं घर नुकतंच बांधलं होतं आणि धाकटीला अकोल्याला शिकायला ठेवली होती. म्हणजे माझं सगळं त्या एका कागदावर उभं होतं.

वर्ग वाशिमला, एका जुन्या शेतकी शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. दोन-दोन माणसांचे लाकडी बाक, मध्ये वाट, मागे एकच दार. छताला तीन पंखे. एक गरगर फिरायचा, एक नुसता आवाज करायचा आणि तिसरा दोन्ही करायचा नाही. पहिल्या रविवारी आम्ही चाळीसेक बाप्ये, पोटं सुटलेली, केस पिकलेले, त्या पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसलो. मी पाऊण तास आधी पोचलो होतो. तिन्ही पंखे लावून पाहिले, सूर्य कुठून फिरेल ते पाहिलं आणि चांगल्या पंख्याच्या बरोबर खाली, भिंतीला खांदा लागेल अशी जागा धरली. मालाची पारख करायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

बाकीचे आले तसे भिंतींच्या कडेनं भरत गेले. मग मागचे बाक भरले, मग वाटेला लागून असलेली टोकं. मधले बाक उशिरा आलेल्यांना मिळाले आणि सगळ्यात पुढची रांग रिकामीच राहिली, जणू तिथं वीज उतरवलेली होती.

सर आले आणि फळ्याकडे गेलेच नाहीत. दारात उभे राहून आम्ही कुठं कुठं बसलो ते पाहत राहिले. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. पांढरा शर्ट, खिशाला तीन रंगांच्या तीन पेन्सिली. ते कुठल्यातरी शेतकी शाळेतून निवृत्त झाले होते आणि मृदाशास्त्र शिकवायचे.

"बसले?" त्यांनी विचारलं.

"बसलो सर."

"पाह्यून बसले का उगीच बसले?"

दोघा-तिघांनी उगीच वह्या सरळ केल्या.

"आज उगीच बसले असान. पण तिसऱ्या रविवारी तुमाले इथून कोणी उठवून दाखवावं. पोलीस आणला तरी उठनार नाई तुमी."

लोक हसले. मला वाटलं, मास्तर गमत्या आहे, वर्ष बरं जाईल.

सरांचं वेड असं होतं की ते स्वतः एका जागी लागोपाठ दोनदा बसायचे नाहीत. कुठेच नाही. खिशात एक छोटी डायरी असायची, तीत काळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं की काल कुठं बसलो. शाळेसमोरच्या चहाच्या हॉटेलात चार बाकडी. तिथं वर्षानुवर्षं येणारी म्हातारी मंडळी आपापल्या ठरलेल्या कोपऱ्यात असत. सर रोज कोणाच्या तरी जागेवर. तो म्हातारा यायचा, सरांना आपल्या जागी पाहून क्षणभर थांबायचा, इकडे तिकडे बघायचा, मग त्या जागेच्या अगदी जवळच्या जागेवर टेकायचा आणि चहा संपेपर्यंत सरांच्या कानाकडे बघत राहायचा.

"भांडत काहून नाई?" सर मला हळूच म्हणाले होते. "जागा त्याची नाई, हे त्याले मालूम हाये. पण त्याची हाये, हेबी त्याले मालूम हाये. म्हनून तो भांडत नाई आन् उठूनबी जात नाई. आता पाह्य, आज त्याले चहा गोड लागनार नाई."

आणि खरंच, म्हातारा हॉटेलवाल्यावर ओरडला की चहात साखर कमी आहे.

एकदा त्यांच्या घरी माती तपासणीचे नमुने द्यायला गेलो होतो. बाई हातात ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"आज कुठी वाढू?"

"काल खिडकीत होतो."

"परवा?"

"परवा ओट्या— नाई, कपाटापाशी."

"मंग आता न्हानीतच वाढते," बाई म्हणाल्या. "तीच एक राह्यली." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तीस वरसं झाले. या मानसाचं ताट घेऊन मी घरात फिरून राह्यली. पाहुने पुसतात, तुमचे साहेब कुठी बसतात, तं मी सांगते, जिथं सापडतीन तिथं."

सर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून जेवले. डायरीत लिहिलं.

पहिले दोन रविवार त्यांनी हजेरीच घेतली नाही. दुसऱ्या रविवारी निम्मे लोक पहिल्याच जागी बसले, निम्मे थोडे सरकले: कोणाला ऊन लागत होतं, कोणाला ओळखीचा माणूस सापडला होता, कोणाला फोन घ्यायला दार जवळ हवं होतं. तिसऱ्या रविवारी सगळं घट्ट बसलं. सिमेंट सेट होतं तसं. सर म्हणालेच, "आता झालं." आणि मोठा आलेख कागद काढून त्यांनी चौकोन आखले, जागेवर येऊन प्रत्येकाला नाव विचारलं आणि त्या चौकोनात शाईनं लिहिलं. त्यानंतर वर्षभर त्यांनी कोणाचं नाव पुकारलं नाही. वर्गात आले की कागद उघडायचे, एकवार हॉलभर नजर फिरवायची, जिथं रिकामं दिसेल त्या चौकोनात लाल पेन्सिलीची रेघ मारायची. चाळीस माणसांची हजेरी अर्ध्या मिनिटात.

"तोंडं पाह्यत नाई मी," ते म्हणायचे. "तोंड बदलते. कोणी दाढी ठुते, कोणी काढते. जागा बदलत नाई."

शिकवता शिकवता ते आमच्यावर प्रयोगही करायचे, आणि ते लपवायचे नाहीत. एकदा जेवणाच्या सुटीत त्यांनी प्रत्येक बाकावर वेगवेगळ्या वस्तू ठेवून पाहिल्या. घडी केलेला पेपर ठेवलेली जागा एका माणसानं सरळ घेतली, पेपर वाचायलाही घेतला. पण जिथं कोणाचा घामट रुमाल होता, हेल्मेट होतं, चष्म्याची डबी होती, तिथं कोणी बसेना. "पेपर कोनाचाबी असू शकते," सर म्हणाले, "रुमाल एकाच मानसाचा असते." आणि गंमत म्हणजे काहीच ठेवलेलं नसेल तरी शेजारी राखण करायचे. एक नवीन साहेब तपासणीला आले आणि मधल्या बाकावर बसायला गेले, तर शेजारचा दुकानदार चटकन म्हणाला, "साहेब, तिथं बसेल हाये." तिथं कोणीच नव्हतं. तो माणूस बुलढाण्याला लग्नाला गेला होता.

मार्चमध्ये चांगला पंखा बिघडला. मी भट्टीत ठेवल्यासारखा भाजत होतो. आवाज करणाऱ्या पंख्याखाली तीन जागा रिकाम्या होत्या, आणि तो पंखा आता नुकताच दुरुस्त होऊन झकास फिरत होता. मी हललो नाही. तीन रविवार हललो नाही. चौथ्या रविवारी सर माझ्यापाशी आले.

"गरम नाई होऊन राह्यलं?"

"होते ना."

"मंग तिकडं काहून नाई बसत?"

भावात कधी अडत नाही, तिथं अडलो. म्हणालो, "सर, इथून फळा बरोबर दिसते."

"तिथूनबी दिसते."

"इथं मले कोपर ठेवाले भिंत हाये. शेजारच्याची पेन मागाची सवय हाये. तिथं बसलो तं पहिले शेजारी कोन, त्याचा पाय कुठी, त्याले तंबाखूचा वास येते का, हे पाह्यतच अर्धा तास जाईन."

सर इतके खूश झाले की त्यांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आख्ख्या वर्गाला समजावलं. माणूस जागा चांगली आहे म्हणून परत येत नाही. पहिल्यांदा कशीही निवडली गेलेली असो, पुढच्या वेळी तीच घेतली की पुन्हा निवडायचं काम वाचतं. शेजारी माहीत, फळा माहीत, बाहेर पडायची वाट माहीत, आणि आपल्याला बाकीचे शोधतात तेही तिथंच. तेवढं डोकं मोकळं राहतं, मग ते ऐकण्यात घालता येतं. म्हणून जागा हिसकली की माणसाला राग येतो. त्याची खुर्ची जात नाही, त्याची बसलेली घडी मोडते.

दुसऱ्या एका रविवारी निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी आमचा हॉल घेतला आणि आम्हाला लांबट, अरुंद अशा दुसऱ्या खोलीत पाठवलं. दार पुढे, खिडक्या नाहीत, बाकही एकेकट्याचे. तरी आम्ही असे बसलो की दाराजवळचे दाराजवळ, भिंतीचे भिंतीला, आणि माझ्या उजव्या हाताला जो असायचा तो उजव्याच हाताला. पुढची रांग तिथंही रिकामी. सरांनी कागद उघडला, थोडा आडवा धरला आणि हजेरी घेतली.

हे सगळं मजेचं होतं, तोवर मला काही तक्रार नव्हती. तक्रार एप्रिलनंतर सुरू झाली, आणि ती माझ्याच हुशारीतून.

दाराजवळच्या शेवटच्या बाकावर अनसिंगकडचे गजाननराव बसायचे. मोठे ठोक विक्रेते, दोन गोदामं, पांढरी गाडी. शेजारी किन्हीराजाचा मिलिंद, पंचविशी-तिशीचा, वडील तलाठी कार्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या पैशातून नवं दुकान टाकलेला, शांत आणि सरळ माणूस. चांगला पंखा दुरुस्त झाला, आणि गजाननरावांना दाराशी उन्हाची झळ लागायला लागली. सुटीत ते माझ्याकडे आले.

"भाऊ, तुमची जागा मले द्या ना."

"जागा काय माह्या बापाची हाये? बसा की," मी म्हणालो, पण उठलो नाही.

"तसं नाई. तुमी असतांना कसं बसू? सारे म्हनतीन, गजाननरावानं गरिबाले उठवलं."

गरीब हा शब्द त्यांनी वापरला. मी मनात नोंद घेतली.

"गजाननराव, डीएपीचं काय चालू हाये?"

"टंचाई हाये."

"मले वीस पोती द्या. लिंकिंग नाई."

लिंकिंग म्हणजे एका खताच्या पोत्यासोबत न खपणाऱ्या बाटल्या आणि पाकिटं गळ्यात मारणं. गजाननराव हसले, मग थांबले, मग वर पंख्याकडे बघितलं.

"दहा."

"पंख्याची हवा एवढी सस्ती हाये का? वीस."

"पंधरा, आन् भिंतीवाली बाजू मले."

"अठरा. भिंतीवालीच बाजू हाये माही."

अठरावर ठरलं. मला आयुष्यात कधी हवेचा सौदा करायला मिळाला नव्हता. मी दाराशी मिलिंदच्या शेजारी जाऊन बसलो, पोती सोमवारी आली. पहिले दोन-तीन रविवार मला दर पाच मिनिटांनी मान भिंतीकडे जायची आणि भिंत नसायची. मग मिलिंदचं पेन, मिलिंदचा डबा, दारातून दिसणारं कडुनिंबाचं झाड, सगळं अंगवळणी पडलं.

सरांना आम्ही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?

पुढच्या रविवारी सर माझ्याजवळून जाताना म्हणाले, "गजाननराव, जमिनीचा सामू म्हनजे काय?"

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. जमीन आम्ल का विम्ल, त्याचं माप, असं मी उत्तर दिलं.

"शाबास, गजाननराव."

आता खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोन गोदामं, पांढरी गाडी. म्हातारा माणूस आहे, नाव विसरला असेल, कशाला दुरुस्त करायचं? मिलिंद सुटीत म्हणाला, "दादा, सांगून टाका त्याईले." मी म्हटलं, "राहू दे रे, म्हाताऱ्याचं मन काहून मोडतं?" पुढचे सहा महिने मी गजाननरावांच्या नावानं चांगली उत्तरं दिली.

इकडे खरे गजाननराव पंखा मिळाल्यावर दोनदा आले आणि मग गोदामाच्या कामात गुंतले. पंख्याखालची जागा उन्हाळाभर, पावसाळाभर रिकामी. कोणीही तिथं बसलं नाही. शेजारचा सांगायचा, "बसेल हाये."

परीक्षेच्या महिनाभर आधी फळ्याशेजारी यादी लागली. ठरावीक हजेरी न भरल्यामुळे परीक्षेस अपात्र. एकच नाव. माझं. आणि त्याखाली सरांच्या अक्षरात शेरा, उत्कृष्ट उपस्थितीबद्दल अभिनंदन: गजाननराव.

मी ती यादी फाडली. मग सर शोधले. ते त्या दिवशी ग्रंथालयाच्या पायरीवर बसले होते.

"सर, हे काय हाये?"

"काय हाये?"

"मी एक रविवार चुकवला नाई! सासऱ्याच्या तेराव्याले गेलो नाई, वर्गात आलो!"

त्यांनी कागद उघडला. माझ्या चौकोनात लाल रेघांची जाळी झाली होती. "तुमची जागा रिकामी व्हती."

"मी दाराशी बसलो व्हतो!"

"दाराशी गजाननराव बसतात."

"मीच बसतो! तुमी मलेच गजाननराव म्हनता!"

"मंग तुमी ओ काहून देल्ली?"

यावर मी खूप मोठ्यानं ओरडलो. रागात माणूस जे बोलतो ते सगळं बोललो. माझं घर, मुलगी, परवाना, पेरणी, सगळं काढलं. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, साक्षीदार आणा.

मी वर्गाला विचारलं. भिंतीकडच्या, मधल्या, सगळ्या रांगांतल्या लोकांना. प्रामाणिक माणसं. वर्षभर माझ्या डब्यातली भाजी खाल्लेली. एकेकजण उठून म्हणाला, "भाऊ तं पंख्याखाली बसतात."

"अरे, मी सहा महिन्यांपासून दाराशी हाये!"

"नाई भाऊ, तुमी पंख्याखालीच," एक जण मायेनं म्हणाला. "तुमची जागा आमी कोनाले बसू देल्ली नाई. विचारा."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या रविवारी मला जिथं पाहिलं, तिथं मला ठेवून दिलं होतं. आणि पंख्याखालच्या शेजाऱ्यानं तर माझीच जागा सहा महिने राखली होती, माझ्याविरुद्ध.

मिलिंद उभा राहिला. "सर, हे माह्या शेजारी बसतात. रोज माही पेन नेतात."

"शेजाऱ्याची साक्ष नाई घेता येत," सर म्हणाले. "शेजाऱ्याले शेजारी हवाच असते."

गजाननरावांना फोन लावला. ते म्हणाले, "हजेरी भरली? बरं झालं," आणि फोन ठेवला.

त्या बुधवारी सरांनी मला एकट्याला बोलावलं. हॉल रिकामा, सगळ्या जागा मोकळ्या. मी तावातावानं आत शिरलो. ते समोर उभे होते आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुमचं काम होनं कठीन हाये. वरच्या साहेबायचं पत्र आलं, पुढचं वरीस पुन्हा करा म्हनते."

"पुढचं वरीस?" मी भडकलो. "माह्या दुकानाले कुलूप लागन्याचं पत्र काढलं का त्याईनं? कोन साहेब? नाव सांगा. मी वाशिमपासून मुंबईपर्यंत—"

आणि बोलता बोलता मी बसलो.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग हळूहळू बाकांमधून चालत माझ्यापर्यंत आले आणि माझ्याकडे नाही, माझ्या बाकाकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं. एवढ्या रिकाम्या जागांतून मी दाराजवळचा शेवटचा बाक घेतला होता. बाकाच्या अगदी टोकाला, अर्धं ढुंगण बाहेर. उरलेला आख्खा बाक मी मिलिंदसाठी मोकळा ठेवला होता.

"पत्र नाई आलं," सर म्हणाले. "हे पाह्याचं व्हतं."

ते माझ्या पुढच्या बाकावर उलटे बसले आणि पहिल्यांदाच असं काही बोलले की ज्यात गंमत नव्हती.

"माह्या बापाले शाळेत दाराबाहेर बसवत. तिथून ऐकाचं. पुढं दिवस बदलले, मास्तर बदलला. नवा मास्तर म्हने, ये, आत ये, कुठंबी बस. बाप आत गेला. कुठी बसला? दाराला चिकटून. मोठा झाला, आमी धम्म घेतला, सोसायटीच्या सभेत जाये, मेंबर झाला, तरी दारापाशीच. मी विचारलं, बाबा, आता तं कोनी नाई म्हनत नाई. तो म्हने, मले तिथून बरं दिसते." सरांनी डायरी खिशातून काढून परत ठेवली. "कोनी बसवलेली जागाबी आपलीच वाटाले लागते. मले त्याची लई भीती वाटते."

मी धंदेवाला माणूस, गप्प बसणं परवडत नाही. म्हणालो, "सर, मंग माही हजेरी?"

त्यांनी शाईचं पेन काढलं. गजाननरावांच्या चौकोनातलं नाव कापलं, तिथं माझं लिहिलं. सहा महिन्यांची हजेरी माझ्या नावावर आली.

"पन पहिले तीन रविवार नाई," ते म्हणाले.

"म्हनजे?"

"जागा बदलल्यावर सवय लागाले तीन रविवार लागतात. तोवर तुमी तिथले पाहुने. पाहुन्याची हजेरी नाई. तीन कापले, तं तुमाले दोन रविवार कमी पडतात."

मी एकावर आणायला बघितलं. अर्ध्या दिवसावर आणायला बघितलं. बुरशीवरचं बोर्डो मिश्रण तयार करून दाखवतो म्हणालो. त्यांच्या वांग्याच्या वाफ्याला वर्षभर शेणखत देतो म्हणालो. माझ्या उभ्या आयुष्यात असा एकही माणूस मला भेटला नव्हता की जो दोनवरून पावणेदोनवर येत नाही. शेवटी ठरलं की कोर्स संपल्यावर दोन रविवार सर माझ्या एकट्याचे वर्ग घेतील, त्यानंतर मी परीक्षेला बसू शकेन. गजाननराव अर्थातच अपात्र झाले. मी त्यांना फोन करून सांगितलं, दुःख व्यक्त केलं आणि पोत्यांबद्दल आभार मानले.

त्या दोनांपैकी पहिल्या रविवारी मी तासभर आधी पोचलो. हॉल रिकामा. आणि माझ्या मनात आलं, की सहा महिन्यांचा हा सगळा मनस्ताप झाला तो पंख्याखालची जागा मी सोडली म्हणून. आज ती मोकळी आहे. डीएपीही माझं आणि जागाही माझी. मी पंखा लावला, भिंतीला खांदा टेकला, कोपर ठेवलं. पाच मिनिटं छान वाटलं. मग भिंत गार लागायला लागली, फळा वाकडा दिसायला लागला, आणि पेन विसरलो आहे हे लक्षात आलं. पण मी हट्टानं बसून राहिलो.

सर आले. कागद उघडला. रिकाम्या हॉलवरून सावकाश नजर फिरवली, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर ती थांबली. त्यांनी लाल पेन्सिल काढली.

"सर!" मी उडी मारून उठलो. "काय करून राह्यले तुमी?"

"तुमी गैरहजर हा."

"सर, मी एकटाच हाये वर्गात! माह्याशिवाय कोनी नाई! मीच हाये!"

"जागा रिकामी हाये," सर म्हणाले, आणि पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं.

मी भांडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्या पेन्सिलीकडे पाहिलं, मनातल्या मनात दुकानाचं शटर पाहिलं, आणि वह्या छातीशी धरून बाकांमधून धडपडत मागे पळालो. दाराशी येऊन बसलो. बसताच फळा सरळ झाला. सर अजून पेन्सिल धरून थांबले होते. वर्षभर ज्यांनी कोणाचं नाव पुकारलं नव्हतं, त्यांना तोंडानं हजेरी देणारा मी पहिलाच.

"हजर, सर!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

सरांनी लाल पेन्सिल खिशाला लावली, खडू उचलला आणि फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "हळू. बाकीच्यायले त्रास होते."